आवडत्या गायिकेचं नवं गाणं हुकू नये म्हणून : फॉलो, घंटी आणि शुक्रवारची फेरी

एखाद्या गायिकेला फॉलो केलं की तिचं प्रत्येक नवं गाणं आपोआप फोनवर येऊन पडेल, अशी नवख्या माणसाची समजूत असते. इंग्रजी पॉप ऐकणाऱ्यांच्या बाबतीत ती बरीचशी खरी ठरते, कारण तिथे गाणं गायकाच्याच नावाने आणि त्याच्याच पानावर येतं. मराठीत तसं होत नाही. सिनेमाचं गाणं असेल तर ते ज्या म्युझिक कंपनीने हक्क घेतले तिच्या चॅनलवर येतं, मालिकेचं शीर्षकगीत वाहिनीच्या चॅनलवर येतं, आणि गायिकेच्या स्वतःच्या चॅनलवर येतात ती तिची स्वतंत्र गाणी, रियाजाच्या चित्रफिती नि कार्यक्रमांचे तुकडे. म्हणजे फॉलो करायचं ते नुसतं गायिकेला नाही, तर तिचं गाणं जिथून बाहेर पडतं त्या जागेलाही.

सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घेऊ. ‘सैराट’ 2016 साली आला आणि ‘वेड’ 2022 च्या अखेरीस. दोन्हींचं संगीत अजय-अतुल यांचं, दोन्हींत श्रेया घोषाल गायल्या आहेत. पण ‘सैराट’ची गाणी झी म्युझिककडे, आणि ‘वेड’ची रितेश देशमुख यांच्या देश म्युझिककडे. ‘सैराट’ आवडला म्हणून कुणी झीच्या चॅनलची घंटी दाबून निवांत बसला असता, तर ‘वेड’चं गाणं आल्याचं त्या घंटीने त्याला कळवलं नसतं. गायिका तीच, संगीतकार तेच, पण दार वेगळं.

आता हे प्रत्यक्ष कसं लावायचं ते एका गायिकेवर करून पाहू. मी आर्या आंबेकर निवडते. 2008-09 च्या ‘लिटिल चॅम्प्स’पासून घराघरांत ऐकलेला आवाज आहे, आणि ती सिनेमा, स्वतंत्र गाणी, भावगीतं असं सगळीकडे गाते, म्हणजे चाचणीला बरी.

आधी बरोबर पान शोधा

स्पॉटिफाय उघडा आणि शोधाच्या चौकटीत नाव टाका. इथेच पहिला खड्डा आहे. आर्या इंग्रजीत लिहिताना सुरुवातीला एक a की दोन, यावर लोकांचं एकमत नाही. कुठे Arya Ambekar दिसतं, कुठे Aarya Ambekar. ॲपच्या दृष्टीने स्पेलिंग बदललं की कधी कधी माणूसच बदलतो आणि एकाच गायिकेची दोन पानं तयार होतात. म्हणून दोन्ही स्पेलिंगं टाकून पाहा. दोन पानं सापडली तर दोन्ही फॉलो करा, त्याने काही बिघडत नाही. उलटही घडतं. एकाच नावाच्या दोन वेगळ्या कलाकारांची गाणी एका पानावर एकत्र होतात. पानावर अचानक भलत्या भाषेतलं किंवा अनोळखी आवाजाचं गाणं दिसलं तर समजायचं की हा नामसाधर्म्याचा गोंधळ आहे. ते नीट करणं आपल्या हातात नसतं, पण त्या पानाकडून येणाऱ्या सूचनांवर किती विसंबायचं ते तरी कळतं.

पान सापडलं की लगेच Follow दाबून मोकळे होऊ नका. आधी एक चाचणी करा, कारण बाकीचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. त्या गायिकेने नक्की गायलेलं एखादं सिनेमाचं गाणं आठवा. आर्यासाठी मी ‘चंद्रमुखी’मधलं ‘बाई गं’ घेते. 2022 चं आहे आणि संगीत पुन्हा अजय-अतुल यांचंच. आता ते गाणं तिच्या पानावर कुठे दिसतं ते शोधा. पान खाली सरकवत गेलात की तिच्या स्वतःच्या अल्बमच्या यादीनंतर Appears On असा एक विभाग लागतो. सिनेमाच्या अल्बमचा मुख्य कलाकार म्हणून बहुतेक वेळा संगीतकाराचं नाव लावलेलं असतं, त्यामुळे गायिकेने गायलेली सिनेमाची गाणी या दुसऱ्या विभागात येऊन बसतात.

गाणं पानावर कुठेही दिसलं, तर तिचं नाव गाण्याला जोडलेलं आहे आणि फॉलो करण्याला अर्थ आहे. दिसलंच नाही, तर गाणं थेट नावाने शोधून उघडा आणि खाली कुणाची नावं लिहिली आहेत ते पाहा. जुन्या अल्बममध्ये फक्त संगीतकाराचं नाव देऊन काम उरकलेलं असतं. तसं असेल तर गायिकेला कितीही फॉलो केलं तरी ॲपला ती त्या गाण्यात आहे हेच माहीत नसतं. मग इलाज एकच, संगीतकारालाही फॉलो करायचं. मी तर म्हणेन, मराठी सिनेसंगीत ऐकणाऱ्याने गायकांच्या आधी आपल्या आवडीचे चार-पाच संगीतकार फॉलो करावेत. त्यातून जास्त गाणी हाती लागतात.

गाणं कुठल्या कंपनीचं, हे कसं ओळखायचं

याच चाचणीत आणखी एक गोष्ट सापडते. गाण्याच्या अल्बमचं पान उघडा आणि अगदी तळाला जा. तिथे बारीक अक्षरांत ℗ आणि © अशी चिन्हं, साल आणि कंपनीचं नाव असतं. ही ओळ कुणी वाचत नाही, पण आपल्याला हवी ती माहिती नेमकी तिथेच आहे. यूट्यूबवरही हे दिसतं. गायिकेच्या नावापुढे Topic लिहिलेलं एक पान असतं. ते यूट्यूबने आपलं आपण बनवलेलं असतं, त्यावर चित्रफीत नसते, नुसतं अल्बमचं चित्र आणि गाणं. त्या गाण्याचं वर्णन उघडलं की असा ठरावीक साचा दिसतो:

```
Provided to YouTube by …
℗ …
Released on: …
Auto-generated by YouTube.
```

पहिल्या ओळीत गाणं कुणी पोचवलं ते, दुसरीत हक्क कुणाकडे ते आणि तिसरीत तारीख. मात्र अल्बम जुना असून पुन्हा चढवलेला असेल तर ही तारीख फसवी असू शकते, तेवढं ध्यानात ठेवा.

तुमच्या आवडत्या गायिकेची गेल्या दोन-तीन वर्षांतली पाच-सहा गाणी घ्या आणि प्रत्येकाची कंपनी एका कागदावर लिहून काढा. बहुतेक वेळा दोन-तीनच नावं पुन्हा पुन्हा येतात. तीच तुमची दारं. मराठीतल्या दहा कंपन्यांच्या घंट्या दाबण्याची गरज नाही, आणि दाबल्यात तर त्याचा त्रासच जास्त होतो. तो कसा, ते पुढे येईल.

Topic पानाबद्दल एवढंच सांगते, की ते माहिती काढायला चांगलं, पण सूचनांसाठी त्याचा भरवसा धरू नका. त्यामागे कुणी माणूस बसलेला नाही, त्यामुळे टीझर, प्रीमियर, ‘उद्या गाणं येतंय’ असलं काही तिथे कधीच येत नाही. गायिकेचं खरं चॅनल वेगळं असतं, आणि अधिकृत कलाकार चॅनल असेल तर नावाशेजारी संगीताच्या स्वराचं छोटं चिन्ह दिसतं. तिच्या नावाने ‘स्टेटस’ आणि ‘स्लो’ केलेली गाणी टाकणारी चॅनलं पुष्कळ आहेत. त्यांना सबस्क्राइब केलंत तर तुम्हाला नवं काही मिळणार नाही, जुनंच पुन्हा पुन्हा मिळेल.

स्पॉटिफायवर सूचना लावणं

गायिकेच्या पानावर Follow दाबा. मग आपल्या प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारून सेटिंगमध्ये जा आणि Notifications उघडा. तिथे वेगवेगळ्या प्रकारच्या सूचनांची यादी असते आणि प्रत्येकीला फोनवर हवी की ईमेलवर, असं स्वतंत्रपणे निवडता येतं. नव्या संगीताची ओळ चालू ठेवा आणि बाकीच्या जाहिरातवजा ओळी बंद करा. हे बंद करणं महत्त्वाचं आहे, कारण ‘तुमच्यासाठी खास’ छापाच्या सूचनांचा मारा सुरू झाला की माणूस वैतागून सगळंच बंद करतो, आणि कामाची सूचनाही त्यात जाते.

प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारल्यावर What’s New अशी आणखी एक जागा दिसते. तुम्ही फॉलो केलेल्यांचं नवीन काय आलं, याची यादी तिथे मिळते. फोन वाजो न वाजो, ही यादी तिथे असतेच. सूचनेपेक्षा माझा विश्वास या यादीवर जास्त आहे.

तिसरी गोष्ट Release Radar. दर शुक्रवारी ताजी होणारी ही गाण्यांची यादी आहे. शुक्रवारच का, तर 2015 च्या जुलैपासून जगभरच्या संगीत कंपन्यांनी नव्या गाण्यांसाठी शुक्रवार हा दिवस धरला आहे. या यादीची एक मर्यादा नवख्याला माहीत नसते. एका कलाकाराचं एका वेळी एकच गाणं त्यात येतं. सिनेमाचा पाच गाण्यांचा अल्बम आला आणि त्यात तुमच्या गायिकेची दोन असली, तरी यादीत एकच दिसेल. म्हणून यादीत तिचं गाणं दिसलं की त्यावरून अल्बमच्या पानावर जाऊन बाकीची गाणी पाहायची सवय लावा.

श्रेया घोषाल यांच्यासारख्या अनेक भाषांत गाणाऱ्या गायिकेच्या बाबतीत ही मर्यादा फारच जाणवते. तुम्ही मराठी गाण्याची वाट पाहत असता आणि त्या आठवड्याची एकुलती एक जागा हिंदी किंवा तेलुगू गाणं पटकावून बसतं. अशा गायिकांसाठी स्पॉटिफायच्या यादीवर अवलंबून राहू नका. संगीतकार आणि कंपनी यांच्यामार्फत जा.

ॲपल म्युझिक वापरत असाल तर तिथे फॉलोऐवजी तारा आहे. कलाकाराच्या पानावर तो दाबायचा आणि खात्याच्या चित्रातून सूचनांमध्ये जाऊन नव्या संगीताचं बटण चालू करायचं. बाकी चाचणीचा भाग तोच.

यूट्यूबची घंटी

बहुतेकांचं इथे चुकतं. सबस्क्राइब केलं की घंटी आपोआप All वर जात नाही. ती Personalized वर असते, म्हणजे तुम्हाला कळवायचं की नाही हे यूट्यूब तुमच्या ऐकण्यावरून ठरवतं. चार महिने त्या चॅनलकडे फिरकला नाहीत तर तुम्हाला रस नाही असं ते धरून चालू शकतं. गायिकेच्या स्वतःच्या चॅनलवर घंटीवर टिचकी मारा आणि All निवडा. ती महिन्याला फार काही टाकत नाही, त्यामुळे त्रास होणार नाही.

कंपनीच्या चॅनलवर मात्र All लावू नका. एखादा मराठी सिनेमा येतो तेव्हा कंपनी काय काय टाकते ते एकदा बघा. आधी टीझर, मग गाणं, मग त्याचं लिरिकल, मग शॉर्ट्स, मग सगळ्या गाण्यांचा ज्यूकबॉक्स, आणि मधल्या दिवसांत जुन्या गाण्यांचे संच. एका चॅनलकडून चोवीस तासांत जास्तीत जास्त तीनच सूचना यूट्यूब पाठवतं. त्या तीन जागा सकाळीच जुन्या भक्तिगीतांच्या संचांनी भरल्या तर संध्याकाळचं नवं गाणं सूचनेशिवाय निघून जातं. तुम्ही म्हणता, ‘अहो, घंटी दाबली होती की!’ दाबली होतीच, पण कोटा संपला होता. कंपनीला सबस्क्राइब करा, घंटी None वर ठेवा आणि आठवड्यातून एकदा, Release Radar पाहता त्या शुक्रवारीच, चॅनलच्या Videos विभागात डोकावा. हीच आपली शुक्रवारची फेरी.

अपवाद एकच, वाट पाहत असलेला एखादा सिनेमा जवळ आला की. तेव्हा त्या कंपनीची घंटी दोन-तीन आठवड्यांसाठी All करायची आणि सिनेमा लागला की पुन्हा खाली आणायची. गाण्याचा प्रीमियर जाहीर झाला असेल तर त्याहून सोपं आहे. त्या चित्रफितीच्या पानावर Notify me असं बटण असतं. ते दाबलं की सुमारे अर्धा तास आधी आणि सुरू होताना, अशी दोनदा आठवण येते, आणि तीही फक्त त्या एका गाण्याची.

घरात लहान मूल असेल आणि बालगीतांच्या चॅनलची घंटी दाबली जात नसेल, तर फोनला दोष देऊ नका. मुलांसाठी म्हणून नोंदवलेल्या चॅनलना यूट्यूबने घंटीच ठेवलेली नाही.

गाण्याच्या आधीची बातमी

गाणं आल्याचं कळणं वेगळं आणि येणार असल्याचं कळणं वेगळं. दुसऱ्यासाठी अजून तरी इन्स्टाग्रामला तोड नाही. गायक, संगीतकार, गीतकार सगळेच तारीख तिथे आधी टाकतात. गायिकेला फॉलो केल्यावर तिच्या पानावर वरच्या बाजूला घंटी दिसते. ती दाबली की पोस्ट, स्टोरी, रील असे पर्याय येतात. त्यातले पोस्ट आणि रील चालू करा, स्टोरी राहू द्या. स्टोरीत विमानतळ आणि चहाचे कप जास्त असतात. तारखेच्या पोस्टबरोबर कधी प्री-सेव्हची लिंक दिलेली असते. ती उघडून मान्य केलं की गाणं आलं त्या दिवशी आपोआप तुमच्या संग्रहात जमा होतं.

सोशल मीडियावर नसलेल्यांसाठी गुगल अलर्ट आहे. google.com/alerts वर जा आणि चौकटीत असं टाका:

```
"आर्या आंबेकर" गाणं OR गाणे OR गीत
```

नाव अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर सगळ्या आर्या आणि सगळे आंबेकर गोळा होतील. ‘गाणं’ आणि ‘गाणे’ दोन्ही हवेत, कारण वर्तमानपत्रं ‘गाणे’ लिहितात आणि समाजमाध्यमांवर ‘गाणं’ चालतं. आठवड्यातून एकदा हा पर्याय निवडलात की एकाच ईमेलमध्ये सगळं येतं. यात मुलाखती आणि गॉसिपही येणार, ते वगळून वाचायचं.

मराठीत शुक्रवारचा नियमही सैलच आहे. सिनेमाची गाणी एकेक करून कुठल्याही वारी येतात. पण वर्षाचं वेळापत्रक बरंच ठरलेलं असतं. आषाढीच्या आधी अभंग आणि विठ्ठलगीतं, गणपतीच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत गणेशगीतांचा पूर, मग नवरात्र, दिवाळी. गायकांची स्वतंत्र गाणी या दिवसांत सर्वाधिक येतात, म्हणून शुक्रवारची फेरी एरवी चुकली तरी या महिन्यांत चुकवू नका.

ज्या गायकांचं निधन झालं आहे त्यांच्या सूचना मात्र बंद ठेवलेल्या बऱ्या. सुधीर फडके 2002 साली गेले, लता मंगेशकर 2022 साली. तरी त्यांच्या नावाने ‘नवा अल्बम’ येतच असतो. ते जुन्याच गाण्यांचे नवे संच असतात. फॉलो जरूर करा, पण फोन त्यासाठी वाजायला नको.

सगळं लावलं, तरी सूचना येत नाही

अशा वेळी दोष बहुधा फोनमध्ये असतो. अँड्रॉइड 13 पासून प्रत्येक ॲपला सूचना दाखवायला आधी परवानगी मागावी लागते, आणि ॲप नवं घातलं की आपण घाईघाईत ‘नको’ दाबून पुढे गेलेलो असतो. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या नावावर जा, सूचना चालू आहेत का पाहा. त्याच पानावर बॅटरीची ओळ असते. तिथे ॲपवर निर्बंध असेल तर तो काढा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ असं आणखी एक बटण असतं, तेही चालू लागतं.

एवढ्यानेही आलं नाही तर यूट्यूबच्या सेटिंगमधल्या Notifications मध्ये दोन जागा बघा. एक Scheduled digest. ती चालू असेल तर दिवसभराच्या सगळ्या सूचना एकत्र करून ठरलेल्या वेळी एकदाच येतात. माझ्या सासूबाईंना तेच आवडतं, संध्याकाळी दिवा लावून झाला की एकदा बघतात. पण गाणं आल्या आल्या ऐकायचं असेल तर ही बंद करा. दुसरी, रात्री आवाज बंद ठेवण्याची सोय. ती मुळात रात्री दहा ते सकाळी आठ अशी लावलेली असते, त्यामुळे त्या वेळात सूचना येते पण वाजत नाही.

परदेशात राहणाऱ्यांना ही शेवटची गोष्ट जास्त लागू आहे. यूट्यूबवर गाणं जगभर एकाच क्षणी येतं. पुण्यात सकाळी अकराला आलेलं गाणं न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात रात्री दीड वाजता येतं, आणि फोन तेव्हा गप्प असतो. सकाळी उठल्यावर सूचनांच्या ढिगात ते खाली गेलेलं असतं. तिथल्यांनी digest चालू करून त्याची वेळ सकाळी नऊची ठेवावी.